साडेपाचला कॉल लावते

मी फोन बोलतोय. इतकी वर्षं माझ्यातून बाकीचेच बोलत आले. आज माझी पाळी. आणि पहिल्यांदाच सांगून ठेवतो, मी वैतागलेला फोन आहे. उजव्या कोपऱ्यात काचेला तडा, पाठीला रबरबँड आणि चार्जिंग संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नाही. अशा अवस्थेत गोड गोड बोलायचं तर देवमाणूसच व्हायला हवं.

एका लांबलचक पट्ट्यावर माझे तुकडे जोडले गेले. हातमोजे घातलेल्या एका बाईने मला कानाला लावून "हॅलो" म्हटलं आणि लगेच खाली ठेवलं. माझं बारसं तेवढंच. मग मला दादाने विकत घेतलं. दादा म्हणजे या घरातला थोरला. छपाईच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. त्याचा अंगठा माझ्या ओळखीचा आहे. रागावला की तो काच फोडायला निघाल्यासारखा टाइप करतो, न वाचता पाठवतो आणि मग तासभर येरझाऱ्या घालतो. माणूस वाईट नाही. त्याला आपलं म्हणणं उलट्या क्रमाने सुचतं, आधी निकाल आणि मग कारणं.

दोन वर्षांनी त्याने नवा फोन घेतला आणि मला त्याच्या पाठच्या बहिणीला दिलं. भावंडांत ही मधली. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. हिच्या हाती आलो आणि मला वाटलं, चला, सुटलो. हळू टाइप करते, दोनदा वाचते, पाठवते. पण नशीब बघा, घरातल्या सगळ्यांची भांडणं मिटवायचं कामही हिच्याकडेच.

घराचा एक ग्रुप आहे, 'आपण सगळे'. त्यात आई, दादा, वहिनी, मधली, छोटी आणि काका. छोटी म्हणजे सगळ्यात लहान बहीण, पहिल्या मजल्यावरच्या आपल्या घरी बसून पडदे शिवते. काका निवृत्त आहेत आणि दिवसाला अकरा सुविचार पाठवतात. या घराची एक खोड आहे. मेसेज वाचला आणि पाच मिनिटांत उत्तर दिलं नाही, तर तो अपमान समजतात. त्यामुळे कुणीच विचार करायला थांबत नाही.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. परवा तिला घरी सोडणार होते आणि ती कुणाकडे जाणार ते वॉर्डच्या नर्सला संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं. वॉकर, न्यायची गाडी, घरी येणारा व्यायामवाला, सगळं त्या उत्तरावर अडलं होतं.

दुपारी सव्वा वाजता मधली डबा उघडत होती आणि मी टेबलावर थरथरलो. दादाने लिहिलं होतं, "आईला माझ्याकडे नेतोय. ठरलं."

"कुणी ठरवलं?" छोटीचा प्रश्न.

"मी ठरवलं. माझं घर तळमजल्यावर आहे."

"आणि दिवसभर तिथे आहे कोण? तू आणि वहिनी आठला निघता, सातला येता. आई भिंतींशी बोलणार का? तिला माझ्याकडे आणा."

वहिनीने दादाच्या मेसेजवर अंगठा ठेवला. बस! त्या एका अंगठ्याने आगीत तेल पडलं. छोटीने लिहिलं, "अंगठे दाखवायला सोपं असतं." दादाने लिहिलं, "वहिनीशी नीट बोल." छोटी म्हणाली, "बाबा आजारी होते तेव्हा कुठे होतं हे नीट बोलणं? तेव्हा तुला सुट्टी मिळत नव्हती." आणि नेमक्या त्याच क्षणी काकांनी गुलाबाच्या फुलासकट सुविचार टाकला, क्रोध हा मनुष्याचा शत्रू आहे वगैरे. दादाला वाटलं त्यालाच टोमणा, छोटीला वाटलं तिला.

मी वीस मिनिटांत सत्तेचाळीस वेळा थरथरलो. डब्यातला चमचा खाली पडला. माझी बॅटरी एकोणीस टक्क्यांवर आली. मला सांगा, यात माझा काय गुन्हा?

पण मधलीचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. प्रत्येक मेसेज कुणी कुणी वाचला ते ती बोट दाबून बघत होती, आणि प्रत्येक यादीत आई होती. पलंगावर पाय सरळ ठेवून पडलेली आई, आपल्याला कुणी न्यायचं यावरचं एकेक वाक्य वाचत होती. दोघंही तिच्यासाठीच भांडत होते, आणि ती तिथेच आहे हे दोघंही विसरले होते.

मधलीने भराभर टाइप केलं, "अरे गप्प बसा दोघंही, आई वाचतेय!" मग थांबली आणि पुसलं. रागावलेल्याला गप्प बस म्हटलं की तो आणखी मोठ्याने बोलतो. शिवाय आईचं नाव घेऊन दोघांना लाज आणणं म्हणजे तिसरं भांडण.

दुसऱ्यांदा लिहिलं, "दादा, तुझं बरोबर आहे, पण..." तेही पुसलं. त्या "पण"च्या पुढचं दादाने वाचलं असतं आणि मागचं छोटीने.

तिसऱ्यांदा तिने लिहिलं, "आई, माझ्याकडे ये." फक्त एवढंच. हे वाक्य बराच वेळ माझ्या काचेवर होतं. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकेक अक्षर सावकाश पुसत ती मागे गेली. मी तेव्हाच चिडलो होतो, पण मला विचारतो कोण!

मग तिने मला कानाला लावलं आणि थेट वॉर्डात फोन केला. नर्सला तीन प्रश्न विचारले. जिना चालेल का? सहा आठवडे नाही. दिवसा सोबत लागेल का? पहिले दोन आठवडे नक्की. उत्तर कधीपर्यंत? सहापर्यंतच. एका कागदावर तिने तेवढंच टिपून घेतलं.

प्रयोगशाळेत तिचं कामच ते. नळीत काय दिसलं तेवढं लिहायचं. रुग्णाने काय खायला नको होतं, हे रिपोर्टात लिहीत नाहीत. तिने मेसेजही तसाच लिहायला घेतला:

"वॉर्डात फोन केला होता. आईला सहा आठवडे जिना चढायचा नाही. पहिले दोन आठवडे दिवसा सोबत हवी. दादाकडे तळमजला आहे. छोटी दिवसा मोकळी होऊ शकते. आईला दोन्ही लागणार आहे. नर्सला सहापर्यंत सांगायचं आहे. मी साडेपाचला सगळ्यांना कॉल लावते. आधी आई बोलेल, मग आपण. ही वेळ जमेल का, एवढंच कळवा."

लिहून झाल्यावर तिने त्याची झडती घेतली. "उगाच" असा शब्द होता, काढला. हात जोडलेलं चित्र होतं, तेही काढलं. या घरात त्याचा अर्थ 'कोपरापासून नमस्कार' असाच होतो. बाबांच्या आजाराचा उल्लेख कुठेच नव्हता. ते दुखणं खरं होतं, पण ते ग्रुपवर बरं होणारं नव्हतं. मग तिने तोच मेसेज एकदा दादा होऊन वाचला, एकदा छोटी होऊन. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवला.

"वाचलं. पण तू कुणाच्या बाजूची आहेस?" बाईंनी विचारलं.

"कळलं नाही ना?"

"नाही बुवा."

"मग ठीक आहे."

तरी तिने लगेच पाठवला नाही. ग्रुपवर धडाधड मेसेज पडत होते, त्यात हा वाहून गेला असता. ती माझ्याकडे बघत राहिली. दादाचा एक, छोटीचे दोन, पुन्हा दादा. मग चार मिनिटं शांतता. दोघंही दम खात असावेत. तेव्हा तिने पाठवला.

दादाच्या नावाखाली 'टाइप करत आहे' दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं, गेलं. काकांनी आणखी एक सुविचार टाकला नाही, हेही नशीबच.

आणि मग मला दोन खासगी मेसेज आले. छोटीचा: "शेवटी तू त्याचीच बाजू घेतलीस." दादाचा: "तू कायम तिचीच बाजू घेतेस." एका मिनिटाच्या अंतराने! मी फोन नसतो तर कपाळावर हात मारून घेतला असता. मधलीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं ते. तिलाही खूप काही सुनवायचं होतं. पण तिने दोघांना एकच ओळ पाठवली, "साडेपाचला बोलू," आणि मला पालथं घालून कामाला लागली.

तीनला दादाने ग्रुपवर लिहिलं, "साडेपाच चालेल." पाच मिनिटांनी छोटी, "चालेल." आणि मग आईचा, दिवसभरातला पहिला मेसेज. "मी तयार आहे."

कॉल चौदा मिनिटं चालला. आधी आई बोलली. "दादाकडे जाते. छोटी, तू दिवसा शिलाई घेऊन तिथे येत जा. आणि बाबांचं काय ते मी उभी राहिले की माझ्यासमोर बोला दोघं." छोटी थोडी रडली. दादा म्हणाला, "शिलाई मशीन मी उचलून आणतो." सहाला पाच कमी असताना नर्सला कळवलं.

मधलीला कुणी शाबास म्हटलं नाही. आठवड्याभराने मधलीशी कॉल चालू असतानाच दादा शेजारी बसलेल्या काकांना सांगत होता, "मीच जरा समजुतीने घेतलं." हे तिला ऐकू आलं ते माझ्यातूनच. तिने पुढचा विषय काढला. मला मात्र स्वतःहून बंद पडावंसं वाटलं.

याहून वाईट पुढे झालं. तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. वॉकरवर अंगणापर्यंत चालल्याचं तिने कौतुकाने सांगितलं. मग म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी ती दोघं माझ्यावरून भांडत होती. तू एकटीच मला बोलावलं नाहीस. तुला मी जड झाले असते का गं?"

मधलीचा श्वास माझ्या कानात वाजत होता. मी ओरडून सांगितलं असतं, अहो आई, तिने लिहिलं होतं, मी पाहिलंय! पण आमच्या जातीला परवानगीशिवाय बोलता येत नाही.

"तेव्हा भांडण थांबवायचं होतं, आई," ती कशीबशी म्हणाली.

"ते थांबलंच गं. मी तुझ्या बोलावण्याची वाट बघत होते."

त्या रविवारी मी दुकानात जायचं ठरलं होतं. बॅटरी फुगली आहे, आता दुरुस्ती नाही, सुटे भाग काढून घेतील. जाण्याआधी माझी एवढीच विनंती आहे. घरचं भांडण मिटवायला कुणीतरी आपलं म्हणणं बाजूला ठेवतं. भांडण मिटलं की त्या माणसाकडेही एकदा वळून बघा, तुला काय हवं होतं म्हणून विचारा. आणि तुम्हीच ते माणूस असाल, तर विचारायची वाट बघत बसू नका.

दुकानाच्या दारात मधलीने मला पुन्हा बाहेर काढलं. सहा टक्के उरले होते. तिने आईला फोन लावला.

"आई, सहा आठवडे झाले की माझ्याकडे ये. जिना हळूहळू चढू, प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवते."

"दादाला विचारलंस का?"

"नाही. तुला विचारतेय."