पाचवी ओळ

प्राचार्यबाईंच्या फोनवरचं मेल अ‍ॅप सकाळपासून पासवर्डच मागत बसलं होतं. कॉलेजची सगळी मेल खाती काल नव्या सर्व्हरवर हलवली होती ती कॉम्प्युटरवाल्या काकांनीच. त्यांनी नवा पासवर्ड चार वेळा टाकला, फोन दोनदा बंद-चालू केला, अ‍ॅप ढिम्म. शेवटी बाईंनी नव्या असिस्टंट मुलीला हाक मारली आणि काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं इथे घासली आपण, आणि ही परवा आलेली!

मुलीने अ‍ॅपमधून जुनं खातं काढून टाकलं, नव्या सर्व्हरचं नाव घालून ते पुन्हा जोडलं. मेल धडाधड उतरले.

"अ‍ॅप अजून जुन्याच सर्व्हरकडे जात होतं," ती म्हणाली.

"हुशार आहे हो पोरगी!" बाई खूश.

"कुठल्या क्लासात शिकवतात हे?" काकांनी कुत्सितपणे विचारलं.

"अहो काका, नव्या सर्व्हरसाठी तुम्हीच लिहून वाटलेल्या सूचनांमध्ये आहे की! पाचवी ओळ. मी तर पाठच केल्यात त्या."

बावीस वर्षांत काकांनी लिहिलेलं कुणी मनापासून वाचलं असेल, तर ते या मुलीने. आता तिच्यावर जळायचीही सोय उरली नव्हती.