बिल शून्य होत नाही

भागवतरावांच्या गच्चीवर नुकतेच बसवलेले सोलर पॅनेल उन्हात झळकत होते आणि फोटो सुरेख आला होता. प्रश्न होता तो त्याखाली लिहायच्या मजकुराचा.

"बिल शून्य! दोन वर्षांत पैसे वसूल! असंच लिही," संतोष म्हणाला. "समदे असंच लिहून राहिले. चाँद पाशांचं काम हातचं गेलं तर वसमतातलं आपलं दुकान बंद करावं लागंल, ठावं आहे ना?"

वैष्णवीला ठाऊक होतं. दुकान नवरा-बायकोचं, पण पॅनेल बसवायचं शिक्षण तिचं होतं. थापा मारून धंदा करायचा तर चार वर्षं छपरं चढून ती शिकली कशाला? तिनं फेसबुकवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं:

"तीन किलोवॉट. वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला तीनशे ते साडेतीनशे युनिट, पावसाळ्यात कमी. अनुदान जाऊन खर्च सव्वा लाखाच्या आसपास. महिन्याला तीनशेच्या घरात युनिट जळत असतील तर चार-पाच वर्षांत वसूल. वापर शंभराच्या आत असेल तर एवढं मोठं बसवू नका. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. गच्चीवर सावली नको. हळद पॉलिशच्या दिवसांत धूळ बसते, पॅनेल वरचेवर पुसा. लाईट गेली की हेही बंद."

संतोषनं कपाळावर हात मारला. "हे गिऱ्हाईक बोलवायचं का हाकलायचं?"

दुसऱ्या दिवशी हळदीचे व्यापारी चाँद पाशा स्वतः दुकानात आले. संतोषचा चेहरा पडला.

"बेटा, लाईट गेल्यावर बंद, हे काहून? दुसरा सोलरवाला तर म्हणला, चालू राहतंय."

"चाचा, तारांवर लाइनमन काम करून राहिला अन् आपल्या गच्चीवरून त्या तारांत वीज उतरली, तर त्याच्या जिवाला धोका. म्हणून ते आपोआप बंद पडतं. चालू पायजे तर बॅटरी लागते, खर्च वाढतो, वसुली लांबते."

पाशांनी सदऱ्याच्या खिशातून एक हळकुंड काढलं, कट्‌कन मोडलं आणि आतला गर्द रंग तिच्यापुढे धरला.

"मोंढ्यात हळद घेताना आमी वरची चमक बघून भाव करत न्हाई. पॉलिश कोनाचंबी होतंय. मोडून बघतो. तू तुझा माल सोताच मोडून दाखवला. माझ्या घराचं काम तुझं. फक्त, जे फेसबुकवर लिहिलं ते बराबर तसंच कागदावर लिहून दे."

वैष्णवीनं तिथंच सगळं लिहून काढलं, आणि आधीच्या पाहणीत दिसल्याप्रमाणे पाशांच्या गच्चीवर दुपारी जिन्याची सावली येते म्हणून दोन पॅनेल कमी करावे लागतील, हेही.

"सही मालकाची पायजे," पाशा म्हणाले.

संतोषनं खिशातला पेन काढला, त्याचं टोपण उघडलं आणि तो बायकोपुढे धरला.

"मालकीण ही आहे, चाचा. मी तर शिडी धरतो."