प्रश्नचिन्ह चालत नाही

एकतीस वर्षं मी डोंबिवलीच्या शाळेत मराठी शिकवलं. प्रश्नापुढे प्रश्नचिन्ह नसलं की अर्धा गुण कापायचा, मग ते पोर ट्रस्टींचं का असेना. आणि त्याच प्रश्नचिन्हानं म्हातारपणी माझा घात करावा? कर्म माझं!

नवरा, सुधीर, गेल्यापासून घरात मी एकटी. लेक मैथिली कॅल्गरीला. 'घर वीक, इकडे ये' हा तिचा हट्ट, 'माझी तिरडी इथूनच उठेल' हा माझा. फोन उचलला की भांडण. शेवटी तीच म्हणाली, "आई, तू रेकॉर्ड करून फोल्डरमध्ये टाकत जा. मी निवांत ऐकेन." तिचा जुना मॅक लॅपटॉप माझ्याकडे होताच. इथे फाईल ठेवली की क्लाउडवरून तिच्याकडे पोचते, एवढं मला पाठ होतं. दोन-तीन महिने छान चाललं. भोपळ्याच्या भरतावरसुद्धा तिनं उत्तर पाठवलं.

जानेवारीत मी हौसेनं नवीन फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं, 'ऐकतेस ना?' त्या दिवसापासून तिचं एकही उत्तर नाही.

दर दोन-तीन दिवसांनी सकाळी चहा झाला की मी बोलायची. फोल्डरवर दोन बाण गोल गोल फिरायचे. मला वाटायचं, जातंय. मधूनच इंग्रजीत काहीतरी सूचना यायची, ती मी माशी हाकलावी तशी बंद करायची. एप्रिलमध्ये रेकॉर्ड केलं, 'मे महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. चार दिवस येशील?' उत्तर नाही. व्हॉट्सॲपवर मात्र दर रविवारी तिचं 'ठीक ना?' आणि माझं 'ठीक.' एकदा सांगितलंय ना, मग परत कशाला हात पसरू? कल्याणच्या दवाखान्यात 'सोबत कोण?' असं विचारलं तेव्हा मी 'लेक येतेय मागून' म्हणाले. डोळ्यावर पट्टी बांधून रिक्षानं एकटीच परत आले. त्या दिवशी मी रडले, उगाच का खोटं बोलू? आणि तरी दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग केलंच. दुसरं बोलायला होतं कोण?

परवा लॅपटॉप तव्यासारखा तापायला लागला, म्हणून ठाकुर्लीला काळुरामच्या दुकानात नेला. काळुराम माझा जुना विद्यार्थी. आता पन्नाशीचा, डोक्यावर चंद्र.

त्यानं स्क्रीनकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, हा फोल्डर जानेवारीपासून अडकलाय. शहाऐंशी फायली बाकी."

"अरे, पण फिरतंय की!"

"नुसतंच फिरतंय. क्लाउडला नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. मॅक टाकू देतो, क्लाउड घेत नाही. फोल्डरचंच नाव चुकलं, त्यामुळे आतलं एकही वर गेलं नाही."

"चुकलं? प्रश्न आहे तो! प्रश्नचिन्ह नको?"

"सातवीत तुम्ही माझा अर्धा गुण ह्यासाठीच कापलेला, बाई." तो हसत होता. मी स्टूल ओढून स्क्रीनजवळ बसले. म्हणजे मैथिलीनं काहीच ऐकलं नव्हतं. आणि मी आठ महिने तिला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

"काढ ते," मी म्हटलं. मग राहवेना, म्हणून मीच पुढे होऊन 'ऐकतेस ना' टाइप केलं आणि सवयीनं पूर्णविराम दिला.

"बाई, शेवटी टिंबही चालत नाही!"

"मेल्या, मग चालतं तरी काय?"

त्यानं टिंब खोडलं. बाण फिरले. शहाऐंशी, ऐंशी, एकसष्ट. काळुरामनं चहा मागवला, तो निवून गेला. शून्य झालं आणि हिरवी खूण आली. मी मैथिलीला लिहिलं, 'फोल्डर अडकला होता. आत्ता सुटला.'

घरी येऊन भात टाकला. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. तिकडे मध्यरात्र उलटून गेली असणार, उद्याच ऐकेल, असं स्वतःला समजावलं. तिसऱ्या शिट्टीला मोबाईल वाजला. मैथिलीचाच मेसेज होता.

'आई मला वाटलं तू रागावून बोलणंच सोडलंस'

आणि लगेच खाली, 'मे महिन्यात तुझ्याजवळ कोण होतं'

पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी चूक काढली नाही. गॅस बंद केला, खुर्चीत बसले आणि तिला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"कोणी नव्हतं गं," मी म्हटलं.