जाळी आणि निष्काळजीपणा

मशीनमध्ये बोट चिरडलेल्या कामगाराची नोकरी अपघाताच्या अहवालातल्या सुपरवायझर साहेबांच्या एका वाक्यावर अडकली होती: ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.’

“निष्काळजीपणा डोळ्यांनी पाहिलात?” सुरक्षा अधिकारी बाईंनी विचारलं.

“बाई, तो दिसत नाही, पण असतोच!”

“मग खोडू या. अहवालात कोणाला दोष द्यायचा नसतो. आधी काय झालं, मग काय, तेवढंच सांगा.”

“साफसफाईसाठी मशीनची संरक्षक जाळी काढली होती. ती बसवायची राहिली. मशीन सुरू झालं.”

“सुरू करायला कोणी सांगितलं?”

“मीच! माझ्याशिवाय इथे पान हलत नाही.”

बाईंनी लिहिलं: ‘जाळी नसताना, सुपरवायझरच्या सूचनेवरून मशीन सुरू केलं. कामगाराचं बोट अडकलं.’

साहेबांनी वाचून घाम पुसला. “कोणाला दोष द्यायचा नाही ना?”

“दिलाय कुठे? हा नुसता क्रम.”

साहेबांना एकाएकी कामगारांची फार कणव आली. नोकरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, जाळी मात्र जातीने उभं राहून बसवून घेतली.