पस्तीस हजारांचं पॅनेल

मुलुंडच्या त्या कारखान्यात खंडेनवमीला सबस्टेशनच्या पॅनेलला झेंडूचा हार पडायचा, आणि त्याआधी रंगाचा जाड हात. नेमप्लेटवरूनसुद्धा. देवाच्या कामात कंजुषी कशाला! त्यामुळे पॅनेल किती शॉर्टसर्किट सोसतं ते कोणालाच दिसत नव्हतं, पण ‘पन्नास हजार अँपिअर’ हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं.

इंजिनीअर उत्तराने टर्पेंटाइन लावून प्लेट घासली. पस्तीस हजार निघाले. तिने लगेच कागद-पेन्सिल घेतली.

हिशेब सरळ होता. एका ट्रान्सफॉर्मरवर शॉर्टसर्किट झालं तर सत्तावीस हजार येणार, तेवढं पॅनेल पेलेल. पण इथे दोन्ही ट्रान्सफॉर्मर बसकप्लरने, म्हणजे मधल्या जोडणीच्या स्विचने, कायम जोडलेले. म्हणजे दोघांचे मिळून पन्नास हजारांच्या वर. ब्रेकर ते तोडू शकणार नाही, फुटेल; आणि त्याच्यासमोर रोज ऑपरेटर धाकू उभा असतो, कणकवलीचा, दोन मुलींचा बाप. वर आणखी शहाणपण असं, की कँटीनचा ब्रेकर सारखा पडतो म्हणून कोणीतरी त्याची सेटिंग चढवून ठेवलेली. खालच्या ब्रेकरने आधी पडायचं, वरच्या मुख्य ब्रेकरने क्षणभर थांबायचं, हा साधा नियम. इथे कँटीनचा पडायच्या आधी मुख्यच पडणार, आणि ग्राइंडरपायी अख्खा कारखाना अंधारात!

तिने सरकारी वीज तपासनिसांसाठी सारांश लिहिला: कप्लर उघडा ठेवावा, दोन्ही बाजू एकदम जोडल्या जाणार नाहीत असं इंटरलॉक बसवावं, कँटीनची सेटिंग उतरवावी.

वर्क्स मॅनेजर चंद्रप्रकाश साहेबांनी पेन्सिल फिरवली. ‘‘उत्तराबाई, ‘फुटेल’ काय? ‘समाधानकारक’ लिहा ना. कप्लर उघडला की कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे मिणमिणतात, प्रॉडक्शनवाले बोंबलतात. इतकी वर्षं काय झालंय?’’

‘‘इतकी वर्षं शॉर्टसर्किट झालं नाही, साहेब. त्यात आपलं कर्तृत्व काय?’’

साहेबांनी शब्द बदललाच. ती चरफडली, आणि तपासनीस कर्णिक आले तेव्हा आपला मूळ आणि साहेबांनी बदललेला, असे दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवून मोकळी झाली.

 कर्णिक चष्मा पुसत थेट सबस्टेशनात शिरले. आत धाकू मीटर वाचत होता. मागोमाग आलेले चंद्रप्रकाश साहेब दारातच थांबले.

‘‘या ना आत,’’ कर्णिक म्हणाले.

‘‘नको, इथून दिसतंय सगळं.’’

‘‘कप्लर जोडलेला आहे. ‘समाधानकारक’ म्हणताय ना? या, धाकूच्या शेजारी उभे राहा.’’

साहेबांनी रुमाल काढला, कपाळ टिपलं. पाऊल मात्र उंबऱ्याच्या आत पडेना.

‘‘हे रोज असेच दाराबाहेर उभे असतात का रे?’’ कर्णिकांनी विचारलं.

‘‘नाय साहेब,’’ धाकू म्हणाला, ‘‘रोज येतच नायत.’’

 कर्णिकांनी धाकूला कप्लर उघडायला लावला. थोड्या वेळाने कॉम्प्रेसर सुरू झाला, दिवे मिणमिणले, आणि प्रॉडक्शनवाले बोंबलू लागले.