काचेच्या खोलीतला धूर

तपासणी झाल्यावर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "घरात सिगारेट कोण ओढतं?"

दमयंतीला सातवा महिना लागला होता. बाळाची वाढ हवी तेवढी नव्हती. ती म्हणाली, "कोण नाय."

"तुमच्या अंगाला वास येतोय, म्हणून विचारलं. एकट्या धुरानंच असं झालं, असं मी म्हणत नाही. जेवण वाढवा, गोळ्या चुकवू नका. पण दुसऱ्यानं ओढलेल्या सिगारेटचा धूरही बाळाला बाधतो. मालकांना सांगा, बाहेर जाऊन ओढायचं."

बाई 'मालक' म्हणाल्या आणि दमयंतीच्या मनात जितेशच आला. तिचा नवरा जितेश तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ॲसिडच्या टाक्यांवर ऑपरेटर होता. लग्नाआधी दिवसाला पाकीटभर ओढायचा. तिला दिवस गेले तसं त्यानं पोटावर हात ठेवून शपथ घेतली होती. शपथेचं काय, ती तर दारूवालेही घेतात.

त्या दिवसापासून दमयंतीनं पाळत सुरू केली. खिसे उलटे करून पाहिले. डब्याच्या पिशवीत हात घातला. बोईसरच्या त्यांच्या एका खोलीच्या घरात दोरीवर दोघांचे कपडे एकत्र वाळायचे आणि सगळ्यांनाच तो आंबूस, जळका वास यायचा. जितेश कामावरून आला की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघायची. एका सोमवारी खोलीत अजिबात वास नव्हता. दमयंती ज्या हॉटेलात कामाला होती, त्याला सोमवारी सुट्टी असायची. ती केसांवरून न्हाली होती, दिवसभर घरीच होती. संध्याकाळी जितेश आला तो बडीशेप चघळत. तिला वाटलं, बघा कसा सावध झालाय.

दोन दिवसांनी दोघं बोईसरच्या बागेत जाऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं. बाकावर टेकतात न टेकतात तोच पलीकडच्या बाकावर एका माणसानं सिगारेट पेटवली. त्याच्या मागंच 'धूम्रपान करू नये' अशी पाटी होती. माणूस पाटीला पाठ करून बसला होता. बाक चांगला पाच-सहा पावलं लांब, वर मोकळं आभाळ, तरी वास थेट दमयंतीच्या नाकात आला.

जितेश उठला. त्यानं झाडाच्या शेंड्याकडे बघितलं आणि तो म्हणाला, "चल, त्याच्या पलीकडं बसू."

"त्याच्या जवळ? त्याचा धूर हुंगायला?"

"वारा समुद्राकडून हाय. आपण वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसलोय, धूर आपल्याकडंच येणार. कंपनीत गॅस सुटला तर आमी पहिला वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा बघतो, मग पळतो. मोकळं हाय म्हणून उभं नाय राहत."

पलीकडं जाऊन बसल्यावर वास खरोखर थांबला. पण दमयंतीचं लक्ष वासावर नव्हतंच.

"तुला बरं सगळं माहीत," ती म्हणाली. "कोणत्या बाजूला तोंड करून ओढायची, तेपण माहीत असेल."

जितेश तिच्याकडे वळला. "तू माझे खिसे बघतेस, मला कळतं. परवा डब्याची पिशवी उलटी ठेवलीस. मी काय बोललो? नाय बोललो. आता मी सांगतो ते ऐक. तुझी वेणी पुढं घे आणि हुंग."

"माझी?"

"हुंग गो."

तिनं रागानंच वेणी नाकाला लावली. घामाचा, पिठाचा वास, आणि त्याखाली तोच. जळका, शिळा. बाकावर ती अंग चोरून बसली.

"सोमवारी नव्हता," ती हळूच म्हणाली.

"सोमवारी तू हॉटेलात नव्हतीस," जितेश म्हणाला. "मी मात्र कामावर होतो."

दमयंती तारापूर रस्त्यावरच्या हॉटेलात तांदळाच्या भाकऱ्या करायची. मनोरच्या पलीकडच्या डोंगरातलं तिचं माहेर, भाकरीचा हात तिथला. त्या भाकरीसाठी पालघरहून गाड्या यायच्या. तिथं सिगारेटचा वास येत असेल, असं तिला स्वप्नातही आलं नसतं. मालक विपुलशेठनं सिगारेटवाल्यांसाठी हॉलच्या कोपऱ्यात काचेची वेगळी खोली बांधली होती. जमिनीपासून छतापर्यंत काच, आपोआप मिटणारं दार, बाहेर हवा फेकणारा पंखा. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला ती खोली देवघर दाखवावं तशी दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी जितेश कामावर जाण्याआधी तिच्यासोबत हॉटेलात गेला. अकरा वाजले होते, गिऱ्हाईक नव्हतं. भांडी घासणारी मैनाबाई मोरीपाशी खोकत होती. ती मुरबे गावची, गेलं वर्षभर तिचा खोकला गेला नव्हता आणि सगळे त्याचं बिल कारखान्यांच्या नावावर फाडायचे.

"शेठ, हिच्या अंगाला सिगारेटचा वास येतो. जरा खोली बघू?" जितेशनं विचारलं.

"बघ की! तीसच्या वर खुर्च्या आहेत आपल्याकडे, कायद्यानं अशी खोली करता येते. तपासायला माणूस आला होता, त्यानं दाराला कागद लावून बघितला. कागद आत ओढला गेला. म्हणजे हवा आत जाते, बाहेर येत नाही. पास!"

"तो किती वाजता आला होता?"

"सकाळीच. का रे?"

जितेशनं देवाच्या फोटोपुढची अगरबत्ती मागून घेतली. खोलीतला पंखा लावला, दार मिटलं, आणि खाली बसून अगरबत्ती दाराखालच्या फटीपाशी धरली. धुराची बारीक रेघ वाकली आणि फटीतून आत शिरली.

"बघितलंस?" शेठ दमयंतीकडे वळला. "दमयंतीबाई, उगाच माझ्या खोलीवर आळ घेतेस. तुझ्या नवऱ्याच्या खिशात बघ."

"बघितले," दमयंती म्हणाली.

जितेशनं मान वर केली नाही. "आता तुझी चिमणी लाव. जशी जेवणाच्या वेळी लावतेस तशी."

चिमणी म्हणजे गॅसच्या चुलींवरचं ते मोठं पत्र्याचं धुराडं. त्याच्या पंख्याचा आवाज एवढा की भाकरी थापताना शेजारचा माणूस बोललेलं ऐकू येत नाही. दमयंतीनं आत जाऊन बटण दाबलं आणि दारातच उभी राहिली.

धुराची रेघ थरथरली. सरळ झाली. मग उलटी फिरली आणि जमिनीलगत हॉलमधून थेट स्वयंपाकघराकडे निघाली, कोणी दोरी धरून ओढावी तशी.

मैनाबाई हातातलं पातेलं तसंच धरून बघत राहिली.

"चिमणीचा पंखा तुमच्या खोलीच्या पंख्याच्या चौपट हाय, शेठ," जितेश म्हणाला. "ती बाहेर फेकते तेवढी हवा तिला कुठून तरी पाहिजे. फटीतून घेते, दारातून घेते. खोलीतला धूर हॉलात येतो, हॉलातला हिच्या तव्यावर."

"आणि दार कुठं बंद असतं!" मैनाबाईनं तोंड उघडलं. "नवशा दुपारभर स्टूल लावून ठेवतो."

वेटर नवशा कोपऱ्यात टेबलं पुसत होता. "आत चहा न्यायचा तर दार ढकलू कसा? हातात ट्रे असतो!"

"आत चहा द्यायचाच नाही असा नियम आहे ना, शेठ?" जितेशनं विचारलं. "आमच्या सेफ्टीवाल्यांनी सांगितलं. ती खोली फक्त ओढायला, बाकी काय नाय."

विपुलशेठनं नवशाकडे असं बघितलं, जणू चहाची ऑर्डर त्यानं स्वतः कधी दिलीच नव्हती. मग म्हणाला, "ठीक आहे. आजपासून खोली बंद. सगळे सिगारेटवाले मागच्या अंगणात. मोकळी हवा! आता तरी झालं?"

दमयंतीला ते 'मोकळी हवा' ऐकून बागेतला बाक आठवला. जितेश कामावर निघून गेला. आता तिला स्वतःच बघायचं होतं.

मागच्या अंगणात सहा टेबलं होती. वर ताडपत्री, दोन बाजूंना हिरवी जाळी, ऊन लागू नये म्हणून. जाळीपलीकडं पश्चिम, आणि टेबलांच्या अलीकडं, हातभरावर, स्वयंपाकघराची खिडकी. दुपारी चारला समुद्राचा वारा सुटला. तीन टेबलांवर सिगारेटी पेटल्या होत्या. ताडपत्रीखाली धूर साचून निळा झाला होता. चौथ्या टेबलावर पालघरहून आलेली एक बाई मुलीच्या तोंडावर रुमाल धरून बसली होती. "आत धूर असेल म्हणून बाहेर बसलो हो," ती नवशाला सांगत होती.

दमयंतीनं खिडकीच्या गजाला पिठाचा हात पुसला आणि सकाळसारखीच एक अगरबत्ती पेटवून तिथं अडकवली. चिमणी चालू होती. धूर आत आला तो थेट तव्यावर, तव्यावरून तिच्या तोंडावर.

तिनं चूल बंद केली. भाकरी अर्धी भाजलेली होती, ती तशीच तव्यावर राहिली. मग गल्ल्यापाशी गेली.

"शेठ, मी चालले."

"अगं, आत्ता? बाहेर बारा भाकऱ्या मागितल्यात!"

"सिगारेटवाल्यांना द्या. त्यांना धूर चालतो."

शेठ गल्ल्यामागून बाहेर आला. "हे बघ दमयंतीबाई, मी तुझ्यासाठी करतो. तुझं बाळंतपण होईपर्यंत हॉटेलात सिगारेट बंद. आत बंद, बाहेर बंद. दोन महिने. मग तर बसशील ना?"

माणूस गोड बोलत होता आणि दमयंतीला त्या गोडव्यातच काही तरी खुपत होतं. "मग दोन महिन्यांनी मैनामावशी खोकायला परत मोकळी?"

"तिचं काय आता मध्येच!"

"माझं बाळ बाहेर आल्यावर श्वास घ्यायचं थांबणार नाय, शेठ. आणि मी त्याला घेऊनच कामावर येणार. दुसरी जागा नाय माझ्याकडं."

मैनाबाई मोरीतून उठून आली आणि पदराला हात पुसत दमयंतीच्या शेजारी उभी राहिली. तिनंही काम टाकलं होतं. अंगणातून कोणीतरी ओरडलं, "भाकरी!"

शेठनं कपाळ पुसलं. "बरं. कायमचं बंद. शब्द देतो."

"शब्द नको. पाटी लावा."

"लावतो ना, उद्या."

"आहे पाटी," नवशा म्हणाला. त्यानं गल्ल्यामागच्या फळीवरून धूळ खाल्लेली पाटी काढली. 'येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.' खाली, तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव आणि फोन नंबर लिहायला मोकळी जागा. खोली बांधली तेव्हापासून ती तिथं उलटी पडून होती.

शेठनं पेन घेतलं आणि नवशाकडे बघितलं. "लिही, नवशा..."

"नवशाचं नाव नाय चालणार," दमयंती म्हणाली. "तोच स्टूल लावतो. तुमचं नाव पाहिजे."

विपुलशेठनं स्वतःचं नाव लिहिलं. मग नंबर लिहिला, एकेक आकडा थांबून थांबून, बँकेच्या कागदावर लिहावा तसा. नवशा पाटी घेऊन भिंतीकडे निघाला.

"थांब," दमयंती म्हणाली.

तिनं पदराच्या गाठीतून आपला फोन काढला, पाटीकडे बघत एकेक आकडा दाबला आणि फोन कानाला न लावता हातातच धरून शेठच्या खिशाकडे बघत उभी राहिली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग शेठच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजू लागला.

"वाजला," मैनाबाई म्हणाली.

दमयंतीनं तो तसाच वाजू दिला, नवशानं पाटीचा दुसरा खिळा ठोकेपर्यंत.