न लिहिलेली ओळ

बाईंच्या मते माणसाची लायकी त्याच्या बायोडाटातल्या विशेषणांवरून कळते. जितकी विशेषणं जास्त, तितकं घर पोकळ. वीस वर्षं त्या मराठी बायोडाटे इंग्रजी करून परदेशातल्या स्थळांसाठी देत होत्या आणि या वीस वर्षांत त्यांना मनमिळाऊ नसलेली एकही मुलगी भेटली नव्हती. मग जगातली भांडणं कोण करतं, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला होता.

झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. एक टेबल, एक संगणक, गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आणि एक गोल शिक्का. दाखले, प्रतिज्ञापत्रं, गुणपत्रिका सगळं व्हायचं, पण गर्दी बायोडाट्यांची. बाईंचा नियम एकच होता, खोटं लिहायचं नाही. कागद दाखवा, मग लिहिते. या नियमाचा त्यांना असा काही अभिमान होता, की समोर बसलेल्या प्रत्येकाकडे त्या चष्म्यावरून जरा खालीच बघत.

त्या दिवशी समोर बसलेल्या गृहस्थांनी आपली ओळख ‘निवृत्त अधिकारी’ अशी करून दिली. बायोडाटातही वडिलांपुढे तेच होतं. शेजारच्या खुर्चीवर त्यांची मुलगी, तिशीला टेकलेली, हातात प्लॅस्टिकची फाइल.

“कुठल्या पदावरून निवृत्त झालात?” बाईंनी विचारलं.

“कारखान्यात होतो.”

“पद?”

“स्टोअरकीपर. पण स्टोअरमध्ये माझ्यावर कोणी नव्हतं. म्हणजे तिथला अधिकारी मीच, नाही का?”

“तुमच्या खाली कोण होतं?”

“खालीही कोणी नव्हतं,” मुलगी म्हणाली. बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. मनात मात्र त्यांनी गृहस्थांचं नाव तिथल्या तिथे अधिकारी ठेवून टाकलं.

पुढची ओळ होती, शिक्षण बी.एस्सी. नर्सिंग. बाईंनी हात पुढे केला. मुलीने फाइल उघडली. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, दुसऱ्या वर्षाची गुणपत्रिका, आणि मग फाइलचा रिकामा कप्पा.

“तिसरं?”

“आई अंथरुणाला खिळली होती,” मुलगी म्हणाली. “कोणीतरी घरी राहायला हवं होतं. दादाचं शेवटचं वर्ष होतं.”

“तिने स्वतःच ठरवलं हो,” अधिकारी घाईने म्हणाले. “कुटुंबासाठी त्याग. पण तो लिहू नका. त्याग म्हटला की लोक आजार विचारतात, आजार म्हटला की आनुवंशिक आहे का विचारतात. तुम्ही आपलं बी.एस्सी. ठेवा.”

बाईंनी नाक मुरडलं. मुलाचं शेवटचं वर्ष पार पडावं म्हणून मुलीचं तिसरं वर्ष मोडायचं, आणि वर तिची न मिळालेली पदवी तिच्याच गळ्यात घालून मिरवायची. अशा बापांबद्दल बाईंना दया वगैरे अजिबात वाटत नसे.

“पदवी लिहिणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण इंग्रजीत एक सोय आहे. शिक्षण घेतलं एवढंच सांगायचं, पूर्ण झालं की नाही ते सांगायचं नाही. वाचणारा आपल्या मनाने पूर्ण करून घेतो.”

“वा! आणि नोकरी?”

“पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर असते मी,” मुलगी म्हणाली. “नमुन्यांच्या बाटल्यांवर लेबलं लावते, रिपोर्ट देते.”

“वैद्यकीय निदान क्षेत्रात कार्यरत,” बाईंनी इंग्रजीत टाइप केलं. एक अक्षर खोटं नाही. ‘खाऊनपिऊन सुखी’चं त्यांनी ‘स्वस्थपणे स्थिरावलेलं, शांत, सुसंस्कृत कुटुंब’ केलं. हे वाक्य त्यांचं खास होतं, स्वतः घडवलेलं, आणि त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक घराला ते कुर्त्यासारखं ढगळ बसायचं. शिक्षणाच्या वर जन्मतारीख, उंची, वैवाहिक स्थिती अविवाहित, आणि शेवटी शिक्का. अधिकारी कागद छातीशी धरून जिना उतरले. मुलीने मात्र दारात उभं राहून तो इंग्रजी मजकूर पुन्हा वाचला.

“हे माझंच आहे ना?” तिने विचारलं.

“प्रत्येक शब्द,” बाई म्हणाल्या.

दोन महिन्यांनी अधिकारी एकटेच आले, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव. परदेशातलं स्थळ जुळलं होतं. मुलाचा मामा इथेच राहतो, रविवारी बोलणी, तीन आठवड्यांत लग्न, मुलगी लॅबला नोटीस देणार. आता एकच अडसर राहिला होता, थोरले बंधू. त्यांच्या होकाराशिवाय घरात पान हलत नव्हतं आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

“मुलाच्या बायोडाटाचं मराठी करून द्या. आणि शिक्का मारा. बंधू शिक्क्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत.”

बाईंनी कागद घेतला. वरच्या दोन ओळी वाचल्या आणि त्यांचा हात थांबला. कागदाचा समास त्यांचाच, रकान्यांचा क्रमही त्यांचाच. आणि खाली, कुटुंबाच्या रकान्यात, स्वस्थपणे स्थिरावलेलं, शांत, सुसंस्कृत कुटुंब.

मुलाचा मामा त्यांना लख्ख आठवला. दोन वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसला होता. बोलणं इतकं गुळगुळीत, की बाईंनी त्याला मनात गुळगुळीत मामाच म्हटलं होतं. वैवाहिक स्थितीची ओळ आली तेव्हा तो खाकरला होता. “तो विषय नको. तिकडे एक झालं होतं. सात महिन्यांत ती निघून गेली.” बाईंनी घटस्फोटाचा कागद मागितला. “कोर्टात आहे. वर्षानुवर्षं चालतं तिकडे.” तेव्हा बाई बाणेदारपणे म्हणाल्या होत्या, “अविवाहित लिहिणार नाही. मी खोटं लिहीत नाही.” आणि ती ओळच काढून टाकली होती. उंचीनंतर थेट शिक्षण. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांना स्वतःच्या सचोटीचं केवढं कौतुक वाटलं होतं!

आताही कागदावर उंचीनंतर थेट शिक्षण होतं. ‘विवाहित’ नाही, ‘घटस्फोटित’ नाही, काहीच नाही.

“मुलाचं पहिलं लग्नच ना?” बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“म्हणजे काय! नसतं तर लिहिलं नसतं का? सुशिक्षित लोक आहेत, बाई.”

त्यांच्या त्या आत्मविश्वासाकडे बाई बघतच राहिल्या. हा माणूस स्वतः मुलीची अर्धवट राहिलेली बी.एस्सी. झाकून आला होता आणि पलीकडचे लोक सगळं लिहितात यावर त्याचा पूर्ण भरवसा होता. लबाडी फक्त आपल्यालाच जमते, असं वाटणाऱ्या लोकांचा बाईंना सर्वात जास्त तिटकारा होता. क्षणभर त्यांच्या मनात आलं, घे, भोग. मग दारात उभी राहून कागद वाचणारी ती मुलगी आठवली. भोगायला अधिकारी जाणार नव्हते, ती जाणार होती.

पण गिऱ्हाइकाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हाही बाईंचा नियम. त्यांनी भाषांतर केलं. स्वच्छ, एका ओळीला एक ओळ. मग खाली, शिक्क्याच्या वर, एक टीप टाइप केली: ‘मूळ मजकुरात मुलाच्या वैवाहिक स्थितीचा उल्लेख नाही.’

अधिकाऱ्यांनी वाचलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. “हे कशाला? काढा.”

“जे आहे ते लिहायचं आणि जे नाही तेही सांगायचं, हा भाषांतराचा नियम असतो.”

“उगाच शंका कशाला काढता? बंधू आधीच खुसपट काढण्यात पटाईत.”

“टीप काढली तर शिक्का नाही.”

अधिकारी बराच वेळ शिक्क्याकडे बघत बसले. शेवटी शिक्का जिंकला. टीप बारीक अक्षरात आहे, बंधूंना चष्म्याशिवाय दिसत नाही, असं पुटपुटत ते गेले.

चौथ्या दिवशी दुपारी मुलगी एकटीच आली. खुर्चीवर न बसता तिने टेबलावर दोन इंग्रजी कागद शेजारी शेजारी ठेवले. एक तिचा, एक त्या मुलाचा.

“काकांनी टीप वाचली नाही. मी वाचली. रात्री बाबांना कळू न देता त्या मुलालाच फोन केला. विचारलं, आधी लग्न झालंय का. तर म्हणाले, कोणी सांगितलं तुला.”

“बरं झालं विचारलंस,” बाई म्हणाल्या. त्यांना मोकळं वाटलं. आपण मुलीला वाचवलं, असं काहीतरी त्यांच्या मनात आकार घेऊ लागलं होतं.

“बाबा म्हणतात, तुम्ही शंका काढली म्हणून मोडलं. मी त्यांना म्हटलं, बाईंमुळे वाचले.” तिने दोन्ही कागदांवर बोट ठेवलं. “मग आज सकाळी हे दोन्ही नीट पाहिले. समास सारखा. क्रम सारखा. दोघांची घरं शांत, सुसंस्कृत. माझ्या कागदात उंचीनंतर ओळ आहे, यांच्या कागदात नाही. ती कोणी काढली?”

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

“मी खोटं लिहिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“नाही. माझंही तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं.” ती अजिबात चिडलेली नव्हती, आणि बाईंना तेच सहन होत नव्हतं. चिडली असती तर बाईंना तिचा तिरस्कार करता आला असता. “माझा कागद पुन्हा करून द्या. शिक्षण दुसऱ्या वर्षानंतर सोडलं. का सोडलं ते लिहा. लॅबमध्ये काउंटरवर काम. वडील स्टोअरकीपर. आणि शांत, सुसंस्कृत काढा. आमच्याकडे रोज भांडणं होतात.”

बाई बसल्या. हात सरावाने चालत होता, पण प्रत्येक ओळीवर तो जुनी सोय शोधायचा आणि बाई त्याला ओढून परत आणायच्या. साध्या शब्दांत लिहायला त्यांना दुप्पट वेळ लागला. वीस वर्षांत त्यांनी किती ओळी काढल्या असतील, किती जणी त्या रिकाम्या जागेत जाऊन राहिल्या असतील, हे मोजायची त्यांना हिंमत झाली नाही. आयुष्यभर ज्या नजरेने त्या समोरच्या खुर्चीकडे बघत आल्या, ती नजर आज पहिल्यांदा त्यांच्यावर वळली होती, आणि ती फार कोती नजर होती.

शेवटी त्यांनी शिक्क्याच्या वर एक टीप घातली: ‘मूळ मजकुरातील काहीही वगळलेले नाही.’ कागद फिरवून मुलीपुढे धरला. ही त्यांची माफी होती. त्यांना दुसरी येत नव्हती.

मुलीने सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबली.

“ही एवढी काढा,” ती म्हणाली. “तुमच्या शिक्क्याबरोबर ती कोणाला खरी वाटणार?”

बाईंनी ती ओळ काढली आणि कागद पुन्हा छापला.